खाऱ्या पाण्याचा कूलर

आमच्या वऱ्हाडात उन्हाळ्याचे दोन भाग असतात. होळी झाली की पहिला सुरू होतो आणि आखाजीपर्यंत चालतो. तिथून मृगापर्यंत दुसरा. पहिल्या भागात माणूस उन्हाला शिव्या देतो, दुसऱ्या भागात तेवढंही बोलत नाही. सकाळी दहाला रस्ते ओस पडतात, डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी बाहेर निघत नाही, आणि नवतप्यात तर दुपारी कुत्रंसुद्धा नालीच्या ओलीतून उठत नाही. अकोला काय अन् अमरावती काय, मे महिन्यात पारा 44-45 वर गेला तरी कोणाला त्याचं नवल वाटत नाही.

पहिल्या भागात पंखा पुरतो. दुसऱ्या भागात पुरत नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण का पुरत नाही, आणि मग कूलर घ्यायचा तर त्याला पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न आमच्या घरात 2016 च्या उन्हाळ्यात आला तेव्हा तो काही सोपा नव्हता.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात. म्हणजे ऐन खारपाणपट्ट्यात. अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांतून हा पट्टा पसरला आहे. जमीन काळी, कापसाला मोठी गुणाची, पण तिच्या पोटातलं पाणी खारं. विहिरीला पाणी असतं आणि ते तोंडात घेववत नाही. डाळ त्यात शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. त्यामुळे आमच्याकडे पाण्याच्या दोन जाती. नळाला येतं ते गोडं पाणी, प्यायला आणि स्वयंपाकाला. हापशीचं ते खारं, धुण्याभांड्याला आणि गुराढोरांना. त्या साली गोडं पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी यायचं, तेही पहाटे तासभर.

माझ्या लहानपणी आमचं घर माळवदाचं होतं. दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती आणि वर लाकडावर रचलेला पांढऱ्या मातीचा थर. दुपारी आत शिरलं की अंधार आणि गारवा एकदमच अंगावर यायचे. ते माळवद गळायला लागलं, दरवर्षी माती टाकणारे हात राहिले नाहीत, आणि त्याच्या जागी विटांच्या खोल्या आल्या, वर स्लॅब आला. बाबांच्या वाट्याला पश्चिमेची खोली आली, दहा बाय दहाची. गळत नाही म्हणून आई खूश होती. पण स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि दुपारनंतर ते खाली सोडतो. संध्याकाळी त्या खोलीत उभं राहून हात वर केला की छताची धग तळहाताला लागायची.

बाबा तेव्हा पंच्याहत्तरीत होते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या, त्यातल्या एकीने लघवी जास्त व्हायची. म्हणजे अंगातलं पाणी आधीच कमी. दुपारभर ते त्या खोलीत बाजेवर पडून राहायचे आणि वर पंखा पाचवर गरगरायचा. मी अकोल्याला शाळेत विज्ञान शिकवत होतो. सुटीत गावी गेलो तर बाबांची बनियन हाताला एकदम कोरडी लागली, आणि तिच्यावर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले. घाम येत होता, पण पंख्याचा वारा तो दिसायच्या आत वाळवत होता. ओठ फुटलेले. "घाम नाही मले, बरा हावो मी," असं ते म्हणायचे. मला त्याचीच भीती वाटली.

इथे पंख्याची गोष्ट नीट सांगायला हवी. पंखा हवा थंड करत नाही, नुसती हलवतो. आपल्या कातडीचं तापमान साधारण 35 अंश असतं. खोलीतली हवा त्याहून थंड असेल तर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा त्याहून गरम झाली की व्यवहार उलटा होतो: वारा उष्णता आणून अंगावर टाकतो. तरीही पंखा बरा वाटतो, कारण तो घाम वाळवतो आणि घाम वाळताना अंग थंड होतं. पण हवा आधीच इतकी कोरडी असेल की घाम पंख्याशिवायही चटकन वाळतो, तर पंख्याचा तोही फायदा उरत नाही. उरते नुसती भट्टीची फुंकर. जागतिक आरोग्य संघटना सांगते की खोलीतली हवा 40 अंशांच्या वर गेली की पंखा अंग तापवतो. पुढे 2019 मध्ये सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांचे प्रयोग वाचायला मिळाले. 40 अंशांच्या दमट हवेत पंख्याने माणसांना आराम दिला, आणि 47 अंशांच्या अगदी कोरड्या हवेत त्याच पंख्याने त्यांच्या शरीराचं तापमान आणि हृदयावरचा ताण वाढवला. म्हणजे मुंबईच्या पाहुण्याला जो पंखा तारतो तो आमच्या नवतप्यात मारू शकतो. त्यातून बाबांच्या खोलीत पंखा छताच्या खाली फूटभर अंतरावर. स्लॅबजवळची सगळ्यात गरम हवा ओढून तो बरोबर बाजेवर सोडत होता.

मी शाळेतून दोन थर्मामीटर आणले होते. मुलांना दाखवायचा तो जुनाच प्रयोग. एक तसाच ठेवायचा, दुसऱ्याच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळायची आणि दोन्ही सावलीत वाऱ्यावर धरायचे. दुपारी तीनला ओसरीत कोरडा 44 दाखवत होता, ओला 23. बाबांच्या खोलीत कोरडा 41.

हा 21 अंशांचा फरक म्हणजे आमच्या उन्हाळ्याच्या पोटातला गारवा. पाणी वाळताना भोवतालची उष्णता घेतं, आणि हवा जितकी कोरडी तितकं ते जास्त वाळतं. ज्या कोरडेपणाने पंखा निकामी होतो, त्याच कोरडेपणावर कूलर चालतो. साधा पत्र्याचा कूलर, ताट्या चांगल्या भिजलेल्या असतील तर, या फरकाच्या दोन-तृतीयांश ते पाऊण भागाइतकी हवा थंड करतो. म्हणजे चौदा-पंधरा अंश. 44 ची हवा आत ओढायची आणि 30 ची बाहेर सोडायची. सव्वाशे-दीडशे रुपये बिल जास्त आलं तरी चालेल, पण बाबांच्या अंगावर 41 ऐवजी 30 ची हवा यावी, एवढं माझं म्हणणं.

बाबांचं म्हणणं वेगळं होतं. त्याच एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होतं. पेपरात रोज फोटो. बाबा पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे.

"लातूरले रेल्वेनं पानी जाऊन राह्यलं," ते म्हणाले, "अन् तू पंख्याले पानी पाजतं काय, बाबू?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण प्रश्न खरा होता. दहा बाय दहाच्या खोलीला पुरेल असा लहान कूलर ऐन दुपारी तासाला आठ-दहा लिटर पाणी खातो. बारा ते सहा चालवला तर पन्नास-साठ लिटर. म्हणजे चार गुंड पाणी, रोज. आणि आमच्या घरी पाणी कोण आणत होतं? वहिनी. तिने भांडी घासता घासता एवढंच म्हटलं, "भाऊजी, कुलर आना, पन त्याचं पानी कोन भरनार थे आधी ठरवा." तिच्या बोलण्यात राग नव्हता, हिशेब होता.

मी हिशेब मांडला. गोडं पाणी कूलरला एक थेंब द्यायचं नाही. कूलर हापशीच्या खाऱ्या पाण्यावर चालवायचा. ते पाणी आमच्याकडे होतं, फक्त आणायचं कष्टाचं काम होतं. ते पुतण्यांच्या अंगावर टाकलं: संध्याकाळी सायकलला दोन कॅन बांधून दोन खेपा. वहिनीने मान डोलावली.

पण खाऱ्या पाण्याने हवा थंड होईल का, ही बाबांची शंका राहिलीच. त्यांना मी माठ दाखवला. माठ पाझरतो, बाहेरचं पाणी वाळतं, आतलं थंड होतं, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. आमच्या गावात आणखी एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते. माठात चुकून खारं पाणी भरत राहिलं तर पहिले काही दिवस ते गोड्याइतकंच गार होतं. मग माठाच्या अंगावर पांढरा खार फुटतो, छिद्रं बुजतात, आणि माठ गार करायचा थांबतो. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. बाबा थोडा वेळ गप्प बसले.

"म्हंजे खोलीचाच माठ करून राह्यला तू," ते म्हणाले. "मंग त्याचा खार काढाव लागन."

सगळा कूलर त्या एका वाक्यात आला. खारं पाणी गोड्याइतकंच थंड करतं. नुकसान होतं ते ताट्यांचं, पंपाचं आणि पत्र्याचं. हिशेब असा: आमच्या कूलरची टाकी चाळीस लिटरची. दिवसाला साठ लिटर वाळलं आणि तेवढंच वरून भरलं, तर संध्याकाळी टाकीतल्या चाळीस लिटरमध्ये शंभर लिटरचं मीठ असतं. म्हणजे अडीच पट खारं. चार दिवस नुसतं भरतच राहिलं तर सात पट. मग ताटीवर पांढरी पापडी चढते आणि गवत कडक होऊन मोडतं. म्हणून रोज सकाळी तळाचं बूच काढून टाकी पूर्ण रिकामी करायची आणि नवं पाणी घ्यायचं. ते सांडलेलं पाणी झाडाला घालायचं नाही, नालीत सोडायचं. आईने एकदा ते तुळशीला घालायला उचललं होतं, बाबांनीच अडवलं.

कूलर एका लोहाराने बनवलेला, पत्र्याचा. दुकानात मधाच्या पोळ्यासारख्या जाळीच्या ताट्यांचा, प्लास्टिकचा कूलरही होता. त्या ताट्या चांगल्या असतात, जास्त वर्षं टिकतात, पण महाग. खारपाणात त्यांचे बारीक कप्पे बुजले की तेवढे पैसे पाण्यात. आमच्यासाठी लाकडाच्या गवताच्या साध्या ताट्याच बऱ्या. दर मार्चात नव्या घ्यायच्या, जुन्या चुलीत घालायच्या. टाकीच्या आतून डांबराचे दोन हात दिले, म्हणजे खाराने पत्रा लवकर खाल्ला जात नाही.

बसवायची जागा महत्त्वाची. खोलीच्या आत कोपऱ्यात ठेवलेला कूलर तीच तीच ओली हवा फिरवतो, आणि तासाभरात खोलीचं न्हाणीघर होतं. आम्ही तो पूर्वेच्या खिडकीबाहेर, लोखंडी स्टँडवर, नीमाच्या सावलीत बसवला. बाहेरची कोरडी हवा त्याने ओढली पाहिजे. आणि जितकी हवा आत येते तितकी बाहेर गेलीच पाहिजे. दहा बाय दहाच्या खोलीतली सगळी हवा असा कूलर साधारण मिनिटाभरात बदलतो. तिला वाट नसेल तर कूलर घशात अडकल्यासारखा नुसता आवाज करतो. थंडावा जाईल म्हणून दारं-खिडक्या घट्ट लावून घ्यायची सवय सगळ्यांना असते, बाबांनाही होती. मी समोरच्या दाराच्या फटीत उदबत्ती धरून दाखवली. दार लावलं की धूर खोलीतच गोल फिरायचा. दार हातभर उघडलं की सरळ बाहेर ओढला जायचा. त्यानंतर दाराला वीट लावून ठेवायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं.

एका गोष्टीची मात्र मी सगळ्यांना, अगदी शेंडेफळ पुतण्यालाही, ताकीद दिली. पत्रा, पाणी आणि वीज एका जागी. दर उन्हाळ्यात आमच्याकडच्या पेपरात कूलरचा शॉक लागून कोणी तरी गेल्याची बातमी असतेच. बहुतेक वेळा पाणी भरताना, ओल्या पायांनी. म्हणून कूलरला तीन पिनांचाच प्लग, अर्थिंगची वायर पत्र्याला घट्ट कसलेली, आणि पाणी भरताना नुसतं बटण बंद करायचं नाही, पिनच काढायची. खारं पाणी साध्या पाण्यापेक्षा वीज जास्त सहज वाहतं, त्यामुळे आम्हाला ही काळजी दुप्पट.

पहिल्या दिवशी दुपारी तीनला कूलरच्या तोंडाशी 30 अंश होते आणि बाबांच्या बाजेवर 33. स्लॅबची धग होतीच, ती कूलर घालवू शकत नाही. तिच्यासाठी पुढच्या वर्षी वरून चुना मारला. छताचा पंखा दुपारी बंद ठेवला, कारण तो वरची गरम हवा खाली आणून थंड हवेत मिसळत होता. बाबा त्या दुपारी दोन तास झोपले. उठल्यावर त्यांनी बनियन चाचपली आणि काही बोलले नाहीत. संध्याकाळी पाणी मागून प्यायले. तहान लागणं हेही त्या दिवसांत मला मोठं वाटलं.

आठव्या-नवव्या दिवशी बाबांचा फोन. "कुलर गरम फेकून राह्यला." मी रविवारी गेलो. कूलरच्या मागच्या ताटीवर तळहात फिरवला. तीन बाजू ओल्या, गार. एका ताटीवर वीतभर रुंद पट्टा वाळलेला, आणि त्यातून गरम हवा सरळ आत जात होती. हवा नेहमी सोपी वाट शोधते. ओल्या गवतातून घुसण्यापेक्षा वाळलेल्या, आकसलेल्या गवतातून जाणं तिला सोपं. वरची पाण्याची नळी काढून पाहिली तर तिची चार छिद्रं खाराने बंद झालेली. टाचणीने मोकळी केली, पंपाच्या जाळीवरची पापडी ब्रशने काढली, आणि तासाभरात पुन्हा 30. तेव्हापासून दर आठवड्याला टाचणी फिरवणं हे काम ठरलं. कूलर बिघडला असं वाटलं की मोटर उघडायच्या आधी ताटीवरून तळहात फिरवून पाहावा, दहांत आठ वेळा दोष तिथेच सापडतो.

वहिनीची एक तक्रार त्या उन्हाळ्यात खरी ठरली. तिने कुरडया आणि पापड वाळवून डबे बाबांच्या खोलीतल्या फळीवर ठेवले होते. पंधरा दिवसांत पापड मऊ पडले. डबे दुसऱ्या खोलीत गेले, पण त्यातून घराला एक मापही मिळालं. कूलर हवेत पाणी घालतो, आणि बाहेरच्या हवेतच पाणी आलं की त्याचा धंदा बसतो. मृगाचे दोन पाऊस झाल्यावर मी पुन्हा ते दोन थर्मामीटर धरले: कोरडा 32, ओला 28. फरक फक्त चार अंशांचा. त्यातले तीन अंश कूलर कमी करेल, पण हवा इतकी ओली करेल की अंगाला घाम चिकटून बसेल. अशा वेळी पंखाच खरा, कारण आता घाम वाळवायला वारा लागतो आणि हवा कातडीपेक्षा थंड असते. आता घरातला नियम साधा आहे. उघड्यावर ठेवलेला पापड तासाभरात मऊ पडला की कूलरचं पाणी बंद करायचं आणि छताचा पंखा लावायचा.

म्हणजे पंखा की कूलर, याचं उत्तर आमच्या घरात महिन्यावर आणि घड्याळावर ठरलं. होळी ते आखाजी पंखा. पुढे मृगापर्यंत दुपारी बारा ते सहा कूलर. रात्री बाबा अंगणात बाजेवर झोपायचे, तिथे दोन्ही लागत नसत, त्यामुळे पाण्याचा खर्चही निम्म्यावर राहिला. पहिल्या पावसानंतर पुन्हा पंखा. वीज गेली की दोन्ही बंद, आणि मग ओला दुपट्टा अंगावर घेऊन हातातला पंखा. त्या दुपट्ट्याचा आणि कूलरचा नियम एकच.

बाबांनी त्या खोलीत आणखी पाच उन्हाळे काढले. गेले ते भर पावसाळ्यात, उन्हाने नाही. आता ती खोली पुतण्याची आहे. मृग लागला की तो टाकी रिकामी करतो, ताट्या उन्हात वाळवतो, पत्र्यावरचा खार खरडून काढतो आणि तळाला डांबराचा एक हात देतो. हे काम त्याला बाबांनी शिकवलं. गोडं पाणी अजूनही तो कूलरला देत नाही.